आजी-आजोबांच्या फोटोफ्रेममध्ये कोणते ६० फोटो ठेवाल?

आजोबांची पंच्याहत्तरी असो किंवा आजी-आजोबांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव, हल्ली नातवंडं वर्गणी काढून डिजिटल फोटोफ्रेम भेट देतात. मोबाइलमधले सातशे-आठशे फोटो त्यात भरतात, सगळ्यांसोबत एक सेल्फी काढतात आणि आपापल्या शहरात परत जातात. चार महिन्यांनी पाहावं तर फ्रेम बंद असते आणि तिच्यासमोर चष्म्याची डबी ठेवलेली असते. विचारलं तर आजी म्हणते, "अगं, काय येतं नि काय जातं, काही कळतच नाही."

आजीचं म्हणणं खरं असतं. फ्रेम चालू करणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्यात कोणते फोटो फिरावेत आणि किती वेगाने, हे ठरवायला मात्र एक अख्खी दुपार द्यावी लागते. ती कशी द्यायची ते पाहू या.

आधी बसण्याची जागा बघा

बाजारात सर्रास मिळणाऱ्या १० इंची फ्रेमवर चित्र साधारण २२ सेंटीमीटर रुंद आणि १३ ते १४ सेंटीमीटर उंच दिसतं, म्हणजे लहान वहीच्या पानाएवढं. समोरच्या भिंतीजवळच्या शोकेसवर ती ठेवली तर दहा फुटांवरून चेहरे ओळखू येत नाहीत. म्हणून आजी-आजोबा दिवसातला जास्त वेळ कुठे बसतात ते बघा आणि तिथून तीन ते पाच फुटांवर फ्रेम ठेवा. तिची उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी असावी. फ्रेमच्या समोर खिडकी नको, नाहीतर दुपारी फोटोऐवजी खिडकीच दिसते. वायर चालण्याच्या वाटेवरून जाणार असेल तर जागा बदला, कारण या वयात पाय अडकून पडणं परवडत नाही.

फ्रेम दोन प्रकारच्या असतात. एकीत पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावायचं असतं. दुसरी वाय-फायवर चालते. तिच्या पडद्यावर एक कोड दिसतो, तो तुम्ही आपल्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये टाकला की कुठूनही फोटो पाठवता येतात. अनेक कंपन्यांच्या फ्रेम यासाठी Frameo हे ॲप वापरतात. हा कोड फक्त घरच्यांना द्या, मोठ्या ग्रुपवर टाकू नका.

घरात वाय-फाय नसेल तरी अडत नाही. अशा बहुतेक फ्रेममध्ये आलेले फोटो तिच्याच मेमरीत साठतात. तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा फोटो उतरवले की पुढे इंटरनेटशिवाय ते फिरत राहतात. वाय-फाय असूनही फ्रेम जोडली जात नसेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क सोडून २.४ गिगाहर्ट्झचं निवडा. बऱ्याच फ्रेमना तेवढंच चालतं.

कार्डाची फ्रेम घेतली असेल आणि आयफोनवरचे फोटो दिसत नसतील, तर ते बहुधा एचईआयसी या प्रकारचे असतात. ते जेपीजीमध्ये बदलून पुन्हा कार्डावर टाका.

वेग कमी, फोटोही कमी

नव्या फ्रेमवर फोटो बऱ्याचदा काही सेकंदांतच बदलतो. आपल्याला तो वेग ठीक वाटतो. पण सत्तरीपुढच्या माणसाला चष्मा नीट करून, चेहरा ओळखून, "हे माथेरानला गेलो होतो तेव्हाचं" असं आठवायला वेळ लागतो. आठवेपर्यंत फोटो गेलेला असतो. म्हणून सेटिंगमध्ये एक फोटो किमान दोन मिनिटं राहील असं करा.

आता हिशेब बघा. ८०० फोटो दोन-दोन मिनिटं ठेवले तर एक फेरी पूर्ण व्हायला २६ तासांहून जास्त लागतात. म्हणजे आवडलेला फोटो पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. ६० फोटो ठेवले तर फेरी दोन तासांत पूर्ण होते. सकाळी ७ ते रात्री ९ फ्रेम चालू असेल तर प्रत्येक फोटो दिवसातून सात वेळा दिसतो. दुपारी डोळा लागला तरी काही हुकत नाही.

रात्री पडदा आपोआप बंद होण्याची वेळही लावून ठेवा. झोपण्यापूर्वी सगळी बटणं बंद करायची सवय आपल्या घरांत पक्की असते. तिला दोष देऊ नका, फक्त फ्रेमच्या बटणावर चिकटपट्टी लावून 'चालू राहू दे' असं लिहा. निघण्यापूर्वी एकदा मुद्दाम वीज घालवून परत आणा. फ्रेम स्वतःहून सुरू होऊन फोटो दाखवते का आणि घड्याळ बरोबर राहतं का, ते तेव्हाच कळतं.

७४० मधून ६०

आता निवडीकडे वळू. माझे आजी-आजोबा बडोद्यात, दांडिया बाजारात राहतात. त्यांच्या फ्रेमसाठी चार घरांतून मिळून ७४० फोटो जमले होते. ते पुढे कसे कमी झाले ते सांगते.

पहिली चाळणी चेहऱ्याच्या आकाराची होती. फ्रेमवर फोटो लावून झोपाळ्यावर, म्हणजे आजीच्या जागेवर बसायचं. चेहरा निदान अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा दिसला तर फोटो ठेवायचा. जेवणाची ताटं, सूर्यास्त, स्क्रीनशॉट आणि पन्नास माणसांचे ग्रुप फोटो यातच गळले. पण मोठ्या ग्रुप फोटोवर एक उपाय आहे. आजोबांच्या निरोप समारंभातल्या फोटोत बावीस सहकारी होते. तो कापून फक्त आजोबा आणि शेजारचे तीन मित्र ठेवले, तर तोच फोटो सगळ्यांत लाडका ठरला.

उभ्या फोटोंकडे नीट लक्ष द्या. आडवी फ्रेम उभा फोटो पडदाभर ताणून दाखवते तेव्हा वरचं आणि खालचं कापलं जातं, आणि कधीकधी कपाळापासून वरचा भाग जातो. अशा वेळी पूर्ण फोटो दाखवण्याचं सेटिंग निवडा. बाजूला पट्टे दिसले तरी चालतील. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो एवढ्या पडद्याला सहसा पुरतो. डीपीवरून घेतलेला मात्र धुरकट दिसतो.

दुसरी चाळणी विषयाची. आपण पाठवतो ते बहुतेक आपलेच फोटो असतात: आपली ट्रिप, आपलं बाळ, आपला नवा फ्लॅट. आजीने पहिल्याच दिवशी विचारलं, "यात आम्ही कुठे आहोत?" म्हणून ६० पैकी १५ जागा त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला दिल्या: लग्न, पहिली स्कूटर, तरुण आजी कडेवर बाबांना घेऊन कमाटी बागेत. हे फोटो जुन्या अल्बममध्ये होते. ते खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असे ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाइलने टिपले. चकाकी येत असेल तर गुगलचं PhotoScan ॲप वापरा. ते चार कोनांतून टिपून चकाकी काढून टाकतं. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तो पानावरच टिपा.

२४ जागा मुला-नातवंडांच्या होत्या. चार घरं, प्रत्येकाला बरोबर सहा. हे मोजूनच करा. ज्या घरात फोटोंची हौस असते त्यांचे चाळीस जातात आणि आत्याचे दोन. आजी-आजोबा बोलत नाहीत, पण भेटायला आलेली आत्या ते पाहते.

आठ जागा जुन्या घराला आणि ठिकाणांना दिल्या. आठ मित्रमैत्रिणींना आणि आता नसलेल्या माणसांना. उरलेल्या पाच ताज्या फोटोंना. एकूण ६०.

गेलेल्या माणसांचे फोटो

इथे आपण परस्पर ठरवू नये. भिंतीवरचा हार घातलेला फोटो वेगळा असतो. तो कुठे आहे ते माहीत असतं आणि त्याच्याकडे बघायचं की नाही हे आपल्या हातात असतं. फ्रेममध्ये मात्र तो चेहरा चहा पिताना अचानक समोर येतो. कुणाला त्यात सोबत वाटते, कुणाला ते सोसत नाही. म्हणून एकेक फोटो थांबवून विचारा.

आमच्या आजीने तिच्या बहिणीचा शेवटच्या वर्षातला फोटो काढायला लावला. "ही आजारी आहे यात. ती पापड लाटतानाची लाव." पापड लाटतानाचा फोटो एका मावशीकडे सापडला. तो आता फ्रेममध्ये आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसासाठी वीसच फोटो ठेवा आणि जुने जास्त घ्या, कारण जुन्या आठवणी सहसा जास्त काळ टिकतात. "ओळख बघू कोण?" असं विचारू नका. "हा तुमचा धाकटा भाऊ" असं आपणच सांगा. एखाद्या फोटोने ते दर वेळी अस्वस्थ होत असतील तर तो फोटो काढून टाका.

फोटोखाली दोन शब्द

फोटोखाली नाव लिहा, पण नातं त्यांच्या बाजूने लिहा. 'मी आणि मम्मी' नव्हे, तर 'मधली सून आणि नात, बेंगळुरू, २०२३'. काही फ्रेमवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. तसं झालं तर मोबाइलमधल्या फोटो एडिटरने अक्षरं फोटोवरच मोठी लिहा आणि मग पाठवा. या ओळींचा आणखी एक उपयोग होतो. मदतीला येणाऱ्या ताईंना आणि शेजाऱ्यांना बोलायला विषय मिळतो. त्यासाठीच एक काळजी घ्या. फ्रेम दिवाणखान्यात असते, म्हणून बाळाच्या आंघोळीचे, दागिन्यांचे किंवा कागदपत्रांचे फोटो त्यात नकोत.

एकाच्या हाती सूत्रं

सगळ्यांनी मनाला येईल तेव्हा फोटो पाठवले तर सहा महिन्यांत ६० चे पुन्हा ६०० होतात. म्हणून पाठवायचं सगळ्यांनी, पण काढायचं काम एकाकडे असावं. नवा फोटो आला की ताज्या पाचांतला एक जातो. त्यांच्या आयुष्याचे १५ मात्र त्यांना विचारल्याशिवाय हलवायचे नाहीत. वाय-फायची फ्रेम असूनही जुने फोटो काढायला बऱ्याचदा तिच्यासमोरच बसावं लागतं. त्यामुळे ते काम पुढच्या भेटीसाठी ठेवा आणि तोवर कमीच पाठवा.

निवड जमली की नाही हे फोनवरून कळतं. "छान आहे हो फ्रेम" एवढंच उत्तर आलं तर बहुधा कुणी ती पाहत नाही. "तो स्कूटरचा फोटो आहे ना, त्यात मागे उभा आहे तो कोण, ते लिहायचं राहिलंय," असं आजोबांनी सांगितलं, तर नाव विचारून घ्या आणि त्याच दिवशी लिहून पाठवा.