मुलांच्या डब्यात उकडलेलं अंडं किती वेळ टिकतं?

सकाळी सहाला अंडी उकडली, सोलली, मीठ-मिरपूड लावून डब्यात भरली आणि साडेसहाला मूल व्हॅनमध्ये बसलं. डबा उघडणार दहाच्या सुट्टीत. म्हणजे मधले साडेतीन तास ते अंडं दप्तरात होतं. थंडीत आपण याचा फार विचार करत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र करायला हवा.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबाबतचा नियम अगदी सोपा आहे. शिजवलेलं अंडं फ्रिजबाहेर जास्तीत जास्त २ तास ठेवावं आणि आजूबाजूचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर फक्त १ तास. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. आपला वर्ग, व्हॅन, दप्तर, सगळं याच पट्ट्यात येतं.

पण उकडल्यावर जंतू मरत नाहीत का? मरतात. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवलेल्या अंड्यातला साल्मोनेला संपतो. अडचण त्यानंतर सुरू होते. कच्च्या अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो कवचाची बारीक छिद्रं झाकून ठेवतो. अंडं उकडताना हा थर निघून जातो आणि छिद्रं उघडी पडतात. म्हणून कच्च्यापेक्षा उकडलेलं अंडं लवकर खराब होतं, हे ऐकायला उलटं वाटलं तरी.

सोललेल्या अंड्याला तर आपले हातही लागतात. माणसाच्या त्वचेवर आणि नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू सहज सापडतो. अन्न उबदार राहिलं तर तो त्यात विष तयार करतो, आणि हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वासाने किंवा चवीनेही ते कळत नाही. त्यामुळे ‘वास तर चांगला येतोय’ या परीक्षेचा इथे उपयोग नाही. (बलकाभोवतीची हिरवट कडा मात्र निरुपद्रवी असते. अंडं जास्त वेळ उकडलं गेलंय, एवढाच तिचा अर्थ.)

मग काय करायचं? अंडं सकाळी उकडण्याऐवजी रात्री उकडा. पाण्याला उकळी आल्यावर साधारण १२ मिनिटं ठेवलं की बलक पूर्ण घट्ट होतो. मग लगेच गार पाण्यात टाका, आणि ते पाणी पिण्याचंच घ्या. अंडं गार होताना आतला भाग आकसतो आणि बाहेरचं थोडं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. पुसून, न सोलता फ्रिजमध्ये ठेवा. कवचासकट ते तिथे आठवडाभर चालतं.

सकाळी अगदी निघताना कवचासकट अंडं लहान डब्यात ठेवा. डब्याच्या खाली आणि वर एकेक गोठवलेला आइस पॅक ठेवून सगळं इन्सुलेटेड पिशवीत घाला. एका पॅकऐवजी पाऊण भरून गोठवलेली पाण्याची बाटलीही चालते. गरम पोळी-भाजीचा डबा याच पिशवीत ठेवलात, तर सगळी मेहनत वाया. आणि गरम ठेवणाऱ्या डब्यात अंडं भरायचं तर ते सुट्टीपर्यंत ६० अंशांच्या वर राहायला हवं. आपले बहुतेक डबे तासाभरात नुसते कोमट होतात, आणि कोमट हीच सगळ्यात वाईट अवस्था.

सँडविचचं काय? कुस्करलेल्या अंड्याला हात, चमचा, सुरी सगळं लागतं आणि काकडी-टोमॅटोचं पाणीही सुटतं. कच्च्या कोथिंबिरीची चटणी असेल तर तिच्यातले जंतूही आले. सँडविच द्यायचंच असेल तर सारण फ्रिजमध्ये थंड करून मगच ब्रेडमध्ये भरा आणि वरचीच पद्धत वापरा. माझं मत विचाराल तर ब्रेड-बटर वेगळं, अंडं कवचासकट वेगळं. पहिली-दुसरीतलं मूलही अंडं सोलू शकतं, फक्त आधी हात धुवायला सांगा.

मुलाला एक खूण शिकवून ठेवा: डबा उघडल्यावर अंडं हाताला गार लागलं आणि पॅकमध्ये अजून बर्फ असेल तर खायचं. पॅक पूर्ण वितळून डबा कोमट झाला असेल तर टाकून द्यायचं. उरलेलं अर्धं अंडं घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.

आइस पॅक नाही आणि बाटली गोठवायला फ्रीझरमध्ये जागाही नाही? मग अंडं सकाळी घरीच खायला द्या आणि डब्यात पोळी, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, केळं असं काहीतरी जाऊ द्या. साडेसहाला पोटात गेलेल्या अंड्याला दहाच्या उन्हाची भीती नाही.