न आवडलेल्या चित्राबद्दल लिहिताना

आज आपण एका स्वाध्यायाबद्दल बोलणार आहोत. समीक्षालेखनाच्या वर्गात आम्ही तो दरवर्षी देतो. स्वाध्याय एका ओळीचा आहे : तुम्हाला मनापासून न आवडलेली एक कलाकृती निवडा आणि तिच्यावर सहाशे शब्द लिहा. मुलं खूश होतात. आवडलेल्या चित्रावर लिहायला बसलं की पेन अडतं, नावडत्या चित्रावर मात्र लेख तासाभरात लिहून होतो. आणि गडबड नेमकी तिथेच असते. इतक्या भराभर आलेल्या मजकुरात चित्र किती आणि आपला वैताग किती, हे वेगळं करून बघितलेलंच नसतं.

एकच उदाहरण घेऊ आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जाऊ. आमच्या एका विद्यार्थिनीने राजा रविवर्मा यांची शकुंतला निवडली होती. १८९८ सालचं, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणाऱ्या शकुंतलेचं ते चित्र. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते कुठे ना कुठे पाहिलेलं असणार, आणि कुठे पाहिलं ते आठवत नसणार. तिचा पहिला खर्डा तीन शब्दांवर उभा होता. चित्र ‘कॅलेंडरछाप’ आहे, ‘गुळगुळीत’ आहे आणि ‘नाटकी’ आहे. बाकीची पाचशे सत्त्याण्णव, म्हणजे जवळजवळ सगळा लेख, याच तीन शब्दांची उजळणी होती.

आम्ही तिला एवढंच विचारलं : तू हे चित्र पाहिलंस कुठे? ती म्हणाली, ‘फोनवर. आणि लहानपणी आजीकडे भिंतीवर होतं.’ आता बघा, मूळ तैलचित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या शिळाछाप चित्रांनी घराघरांतल्या भिंती भरल्या. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. एकावर एक रंग छापत जायचं, वरून चकाकी द्यायची. या सगळ्यात कुंचल्याचा फटकारा, रंगाचा जाड-पातळ थर, सावलीतली धूसर जागा, यातलं पुष्कळ हरवतं. मग आजीच्या भिंतीवरचा गुळगुळीतपणा रविवर्म्यांचा, छापखान्याचा, की वर लावलेल्या काचेचा? तिला सांगता येईना. सांगता येणं शक्यच नव्हतं.

म्हणून आमचा पहिला नियम असा की आपण नेमकं काय पाहिलं ते लेखाच्या सुरुवातीलाच लिहायचं. मूळ चित्र, छापील प्रत, पुस्तकातलं पान की पडदा, जे असेल ते. त्याने काही विधानं आपोआप गळतात. प्रत पाहून मांडणीबद्दल बोलता येतं, कोण कुठे उभं आहे, नजर कुठे आहे हे सांगता येतं. रंगाच्या पोताबद्दल बोलता येत नाही. तेव्हा ‘गुळगुळीत’ हा शब्द तिने स्वतःच खोडला. ‘कॅलेंडरछाप’ थोडा जास्त टिकला, पण त्यातही गोम होती. कॅलेंडरं या चित्रांसारखी झाली, ही चित्रं कॅलेंडरांसारखी झाली नाहीत. बापावर मुलाची नक्कल केल्याचा आरोप करण्यासारखंच झालं हे.

दुसरी पायरी वर्णनाची. चित्राचं वर्णन दीडशे शब्दांत करायचं, आणि तो परिच्छेद वर्गातल्या अशा एखाद्याला द्यायचा ज्याला ते चित्र आवडतं. त्याने वाचून जिथे निवाडा घुसलाय असं वाटेल त्या शब्दाखाली रेघ मारायची. आमच्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘शकुंतला लाडिकपणे मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून उभी आहे.’ ‘लाडिकपणे’ खाली रेघ आली. ‘कृत्रिम’ खाली आली. ‘उगाचच मागे बघते’ यातल्या ‘उगाचच’ खाली दोन रेघा आल्या! रेघा काढून टाकल्यावर उरलं ते असं : रानातली वाट, शकुंतला आणि तिच्या मैत्रिणी. तिचा एक पाय उचललेला आहे, हात पायाकडे गेलाय, दुसऱ्या हाताने मैत्रिणीच्या खांद्याचा आधार घेतलाय, आणि मान वळवून ती मागे बघतेय. जिच्या-तिच्या तोंडी असलेला दुष्यंत मात्र चित्रात नाही, तो चौकटीबाहेर आहे.

हा शेवटचा तपशील पहिल्या खर्ड्यात नव्हता. चित्र नावडतं असलं की डोळे लवकर निघून जातात, म्हणून तो सुटला होता.

आता ‘नाटकी’. हा शब्द सगळ्यात कठीण, आणि त्याच्यावर आम्ही वर्गाचे पूर्ण दोन तास घालवले. कालिदासाचं नाटक उघडलं. पहिल्या अंकाच्या शेवटी आश्रमाकडे परतताना शकुंतला थबकते. पायाला दर्भ टोचला म्हणते, वल्कल कोरांटीच्या फांदीत अडकलं म्हणते. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाला हेच सांगतो, आणि वल्कल कुठे अडकलेलंच नव्हतं हेही सांगतो. म्हणजे ती बहाणा करते आहे. त्या क्षणी शकुंतला स्वतःच नाटक करतेय! मग तिची मुद्रा नाटकी आहे हा चित्राचा दोष कसा? चित्रकाराने प्रसंग बरोबर वाचला, असंही म्हणता येईल.

आमची विद्यार्थिनी इथे चांगलीच चिडली. पण चिडून तिने नाटक पुन्हा वाचलं आणि पुढच्या आठवड्यात नवा आक्षेप घेऊन आली. तिचं म्हणणं असं : नाटकात राजाला खात्री नसते. तिचं थांबणं प्रेमाचं की खरंच काटा टोचल्याचं, हे तो ताडून बघतोय, आणि त्या संशयात गंमत आहे. चित्राने तो संशय मारून टाकला. आम्हाला हे फार आवडलं. आवडलं म्हणूनच तपासून घेतलं. पहिल्या अंकातली रंगसूचना काय सांगते? शकुंतला राजाकडे बघत, निमित्त काढून रेंगाळते आणि जाते. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक आहे, संशय फक्त राजाला. रविवर्म्यांनी आपल्याला राजाच्या जागी उभं केलं नाही, प्रेक्षकाच्या जागी बसवलं. ही त्यांची निवड झाली, चूक नव्हे. हाही आक्षेप अर्धा पडला.

एवढं झाल्यावर मुलं हमखास एक पळवाट काढतात, ती सांगायला हवी. ‘ठीक आहे, मग आम्ही शेवटी दोन चांगल्या गोष्टी लिहितो.’ आणि येतं वाक्य : ‘तथापि रंगसंगती मोहक आहे.’ हे आम्ही लाल शाईने कापतो. रंगसंगती खरंच मोहक वाटली होती का? नाही. मग ते खोटं आहे, आणि चित्राच्या कैवाऱ्यालाही ते खोटं वाटेल. न्याय करणं म्हणजे पारड्यात कौतुकाचे दोन दाणे टाकणं नव्हे. आक्षेप आहे तो आहे, फक्त तो चित्रातल्या खऱ्या जागेवर ठेवायचा.

जाता जाता भगिनी निवेदितांचंही बघू, कारण नावड उघडपणे मांडल्याचं ते नामांकित उदाहरण आहे. १९०७ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये त्यांनी रविवर्म्यांच्या दुसऱ्या शकुंतलेवर, म्हणजे १८७६ च्या ‘शकुंतला पत्रलेखना’वर टीका केली. एक स्थूल तरुणी जमिनीवर सपशेल आडवी पडून कमळाच्या पानावर पत्र लिहिते आहे, असलं चित्र घराघरात लागावं याची त्यांना चीड होती. यात एक मोठा गुण आहे. त्यांची फूटपट्टी लपलेली नाही. कलेने राष्ट्र घडवावं ही त्यांची अट उघड आहे, आणि वाचक ती मान्य करू शकतो किंवा नाकारू शकतो. पण ‘स्थूल’ हा शब्द आमच्या वर्गात रेघेशिवाय सुटला नसता. आणि कालिदासाची शकुंतला तिसऱ्या अंकात फुलं अंथरलेल्या शिळेवर व्याकूळ पडलेली असते, पत्राची कल्पना सख्यांची असते, नखाने कमळाच्या पानावर लिहायचं हेही तिथलंच, हे वाचकाला सांगितलं असतं तर आक्षेप कुठपर्यंत चित्रकाराचा आणि कुठून कवीचा, ते त्याला कळलं असतं. फूटपट्टी प्रामाणिक होती, मोजणी थोडी घाईची झाली.

परत आपल्या विद्यार्थिनीकडे. तिचा तिसरा खर्डा सहाशेऐवजी चारशे शब्दांचा झाला. तिचं चित्राशी जमलं नव्हतंच. आता मात्र तिने लिहिलं होतं की बहाणा हा क्षणाचा असतो. थबकायचं, बघायचं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत पुढे व्हायचं. रंगमंचावर नटीला तेवढाच वेळ मिळतो. चित्रात हा क्षण कायमचा थांबणार, म्हणून त्यात निघून जाण्याची ओढ कुठेतरी दिसायला हवी. इथे उचललेला पाय, त्याकडे गेलेला हात, खांद्याचा आधार, वळलेली मान हे सगळं इतकं नीट तोललेलं आहे की शकुंतला तासभर तशीच उभी राहू शकेल. चोरून टाकलेला कटाक्ष स्टुडिओत फोटोसाठी उभं राहिल्यासारखा होतो. आणि पुढे एक वाक्य : आश्रमातल्या मुलीच्या अंगावर वल्कलाऐवजी नीट चुण्या पडलेली साडी आहे, तीही याच स्थिरपणाला हातभार लावते.

आम्ही तो खर्डा रेघा मारणाऱ्या मुलाला दिला. त्याला ते चित्र तेव्हाही आवडत होतं, अजूनही आवडतं. त्याने वाचलं, ‘तोललेलं’ या शब्दाशी थांबला आणि म्हणाला, ‘मला नेमकं हेच तर आवडतं.’ मग रेघ न मारता कागद परत दिला.