प्लीज सी ट्रेलिंग मेल

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कुठल्याही आठवड्यात घडू शकेल असा हा प्रसंग. कास्टिंग पुरवणाऱ्या सप्लायरने दरवाढ मागितली आहे. सध्या पीसला 412 रुपये मिळतात, त्याला 438 हवेत. परचेसचा माणूस तीन आठवडे घासाघीस करतो, चौदा मेलची देवाणघेवाण होते आणि गाडी 431 वर येऊन थांबते. सप्लायर म्हणतो, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा, शुक्रवारी आमचं पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग बंद होतं. दराला मंजुरी देण्याचा अधिकार प्लँट हेडचा. मग परचेसवाला शेवटची मेल उघडतो, फॉरवर्डचं बटण दाबतो आणि वर टाइप करतो: ‘रिस्पेक्टेड सर, प्लीज सी ट्रेलिंग मेल अँड डू द नीडफुल.’ त्याच्या दृष्टीने काम झालं.

आता तीच मेल प्लँट हेडच्या बाजूने बघू. ते शॉपफ्लोअरवर आहेत, हातात मोबाइल आहे. इनबॉक्समध्ये त्यांना तीन गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचे पहिले काही शब्द. विषयाच्या जागी ‘Fwd: Re: Re: Rate revision’. मजकुराच्या जागी ‘रिस्पेक्टेड सर, प्लीज सी...’ आणि तिथे ओळ तुटते. वर काहीच न लिहिता नुसतं फॉरवर्ड केलं असतं, तर जीमेलवर त्या जागी ‘---------- Forwarded message ---------’ एवढंच दिसलं असतं. दोन्हींतून मिळणारी माहिती जवळपास सारखीच. दर, रक्कम, तारीख, आपल्याकडून काय हवं आहे, यातलं काहीही त्या एका ओळीत नाही. मेल ‘नंतर बघू’च्या ढिगात जाते.

बरं, त्यांनी ती उघडली, तरी काय हाती लागतं? ट्रेल उलटी असते, नवी मेल वर आणि जुनी तळाला. त्यामुळे सर्वांत वर दिसते ती सप्लायरची शेवटची मेल, आणि तीत लिहिलेलं असतं, ‘काल फोनवर ठरल्याप्रमाणे लवकरात लवकर कन्फर्म करावे.’ काय ठरलं होतं? किती दर? ते तिथे नसतं, कारण त्या दोघांना ते माहीत असतं. बोलणं जसजसं पुढे जातं तसतशा मेल त्रोटक होत जातात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला सर्वांत आधी वाचायला मिळते ती सर्वांत त्रोटक. आकडे शोधायला त्यांना खाली खाली सरकत जावं लागतं. तुलनेचा तक्ता तर मिळतच नाही. तो सातव्या मेलला जोडलेला होता. नंतरच्या उत्तरांबरोबर जुनी अटॅचमेंट पुढे जात नाही, आणि फॉरवर्ड केली ती शेवटची मेल. दहा मिनिटं खर्च करूनही नेमकं काय विचारलंय ते न कळलेला माणूस मग एका शब्दाचं उत्तर देतो: ‘नोटेड.’

मंजुरी मागितली आणि ‘नोटेड’ आलं, किंवा ‘प्लीज डिस्कस’ आलं, की समजावं, चिठ्ठी फसली. समोरच्याने ती माहितीपुरती आहे असं समजून घेतलं. मग बुधवारी ‘जेंटल रिमाइंडर’ जातो, गुरुवारी फोन होतो आणि तोंडी ‘हो, ठीक आहे’ मिळतं, ज्याची नोंद कुठेच राहत नाही.

उलट बाजूने हीच मेल कशी लिहिता येईल? पहिला प्रयत्न साधारण असा होतो: ‘सर, कास्टिंगच्या सप्लायरने मागितलेल्या दरवाढीबाबत झालेल्या चर्चेनुसार दर 412 वरून 431 रुपये करण्यास गुरुवारपर्यंत आपली मंजुरी हवी आहे.’ यात सगळं आलं, पण मोबाइलच्या ओळीत ‘झालेल्या चर्चेनुसार’पर्यंतच दिसणार. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे जे मागायचं तेच नेमकं कापलं जातं. इंग्रजीत ‘नीड युअर अप्रूव्हल’ने वाक्य सुरू करता येतं, तसा आयता मार्ग इथे नाही. म्हणून वाक्य मोडावं लागतं, मागणं आधी आणि तपशील मागून:

‘सर, मंजुरी हवी: कास्टिंगचा दर 412 ऐवजी 431, गुरुवार दुपारी 3 पर्यंत.’

व्याकरणाच्या शिक्षकांना हे वाक्य तुटक वाटेल, वाटू द्यावं. वाचणाऱ्याला कुणी, काय, कधीपर्यंत हे मेल न उघडताच कळलं. सप्लायरची मुदत संध्याकाळची असताना इथे दुपारी 3 लिहिलंय, कारण होकार आल्यावर सप्लायरला कळवायला आणि एखादा प्रश्न आलाच तर निस्तरायला दोन-तीन तास हातात राहायला हवेत. ‘लवकरात लवकर’ मात्र मुळीच लिहू नये. तशी वेळ कुठल्याच घड्याळात येत नाही.

अनेकांचा हात इथे अडखळतो. साहेबांना पहिल्याच ओळीत ‘मंजुरी हवी’ म्हणायचं म्हणजे उद्धटपणा वाटतो. आधी नमस्कार, मग पार्श्वभूमी, मग हळूच विनंती, असा आपला शिरस्ता. तो बऱ्याच अंशी सरकारी फाइलींतून आलेला आहे. टिपणीत आधी प्रकरण मांडायचं, नियम सांगायचे आणि प्रस्ताव शेवटच्या परिच्छेदात ‘आदेशार्थ सादर’ करायचा, कारण त्याच्याखालीच साहेबांची सही होणार असते. कागदावर ते बरोबरच होतं. सही जिथे, मागणं तिथे. मोबाइलच्या पडद्यावर सही खाली होत नाही, बोट वरच्या ओळीवर पडतं. आणि आदर पार्श्वभूमीच्या लांबीत नसतो. ‘मंजुरी द्यावी ही विनंती’ असं लिहिलं तरी ते पहिल्या ओळीत मावतं. अमेरिकी लष्कर म्हणजे अदब आणि हुद्दे यांत काटेकोर संस्था, पण त्यांच्या पत्रव्यवहाराच्या नियमावलीतही मुख्य मुद्दा अगदी वर लिहावा असं सांगितलेलं आहे. तिथे कनिष्ठाने वरिष्ठाला लिहितानाही तो नियम सुटत नाही.

पहिल्या ओळीखाली तीन-चार वाक्यं पुरतात. आपल्या उदाहरणात ती अशी होतील: ‘महिन्याला 6,000 पीस धरून खर्च 1,14,000 रुपयांनी वाढेल. मागणी 438 ची होती. इतर दोघांचे दर 436 आणि 440 आले आहेत, म्हणून 431 मान्य करावा असं मला वाटतं. गुरुवारी होकार गेला नाही तर पुढच्या महिन्यात आपला माल त्यांच्या प्लॅनिंगमध्ये बसणार नाही. तक्ता सोबत जोडला आहे. सप्लायरचं अंतिम म्हणणं खाली 11 तारखेच्या मेलमध्ये आहे.’ यातलं शेवटचं वाक्य छोटं आहे, पण ते मला फार मोलाचं वाटतं. शंका आली तर कुठे बघायचं, हे नेमकं सांगितलं की चौदा मेल वाचाव्या लागत नाहीत, एकच वाचावी लागते.

पण या सगळ्यात एक खोच आहे. समजा, त्या 11 तारखेच्या मेलमध्ये सप्लायरने 431 बरोबर एक अट घातली होती: पेमेंट 45 ऐवजी 30 दिवसांत. घासाघिशीच्या भरात परचेसवाल्याच्या डोक्यात 431 हा आकडाच पक्का बसला आणि अट मागे पडली. नुसती ट्रेल ढकलली असती तर निदान ती अट साहेबांच्या डोळ्यांखालून जाण्याची शक्यता होती. चिठ्ठी नीट लिहिली की साहेब चिठ्ठीच वाचणार आणि चिठ्ठीवरच सही करणार. म्हणजे तीत जे राहिलं ते कायमचं राहिलं. चांगली फॉरवर्ड चिठ्ठी लिहिणाऱ्यावर ही जोखीम येते, आणि ती खरी जोखीम आहे. त्यामुळे पहिली ओळ लिहिण्याआधी अख्खी ट्रेल तळापासून वर, म्हणजे तारखेच्या क्रमाने, एकदा वाचून काढणं भाग असतं. वाचताना ‘जर’, ‘मात्र’, ‘व्हॅलिड टिल’, ‘सब्जेक्ट टू’ असे शब्द दिसले की थांबायचं. अट सहसा त्यांच्या आसपास दडलेली असते. ती सापडली की पहिली ओळ बदलते: ‘सर, मंजुरी हवी: कास्टिंग 431 (आत्ता 412), पेमेंट 30 दिवसांत, गुरुवार दुपारी 3 पर्यंत.’

अट सापडली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. 30 दिवसांत पैसे देणं जमेल का, हे साहेब नाही, अकाउंट्स सांगणार. म्हणजे मागणी एक नसून दोन आहेत, आणि त्या दोन माणसांकडे आहेत. एकाच मेलच्या ‘टू’मध्ये दोघांना टाकलं तर दोघेही दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतात. त्यापेक्षा अकाउंट्सला वेगळं फॉरवर्ड करावं: ‘बुधवारपर्यंत कळवा: या सप्लायरला 30 दिवसांत पेमेंट जमेल का? महिन्याला साधारण 26 लाख.’ ज्यांच्याकडून काहीच नको आहे ते ‘सीसी’त, आणि त्यांनाही तसं स्पष्ट लिहावं: ‘माहितीसाठी, आपल्याकडून काही नको.’ नुसतं ‘एफवायआय’ लिहिलं तर साहेबांकडून आलेल्या एफवायआयचा अर्थ लावण्यात हाताखालच्यांची अर्धी दुपार जाते.

विषयाची ओळही बदलावी. ‘Fwd: Re: Re:’ खोडून ‘मंजुरी: कास्टिंग दर, गुरुवारपर्यंत’ असं लिहिता येतं. मात्र त्यामुळे काही मेल प्रोग्रॅममध्ये ती जुन्या साखळीपासून वेगळी पडते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सगळ्याच मेलना ही पद्धत लागू करू नये. एखाद्या कर्मचाऱ्याने दुसऱ्याविरुद्ध लिहिलेली लांबलचक तक्रार पुढे पाठवायची असेल, तर तिचा सारांश करण्याच्या फंदात पडू नये. आपण निवडलेल्या दोन शब्दांनी वाचणाऱ्याचं मत आधीच एका बाजूला झुकतं. तिथे पहिल्या ओळीत फक्त कृती लिहावी, ‘कृपया पूर्ण वाचावी, सोमवारपर्यंत भेटीची वेळ हवी’, आणि बाकी मूळ मजकुरावर सोडावं. आपल्यालाच काय हवंय ते ठरलेलं नसेल, तर ‘मत हवं’ असं सरळ म्हणावं आणि कशावर तेही सांगावं.

बुधवारी अकाउंट्सचं उत्तर येतं: 30 दिवस जमेल. गुरुवारी सकाळी प्लँट हेडचं उत्तर येतं, तेही एका शब्दाचं: ‘मंजूर.’ परचेसवाला आता सप्लायरला कळवायला तीच मेल फॉरवर्ड करायला जातो, आणि इथे मात्र त्याने हात आवरायला हवा. त्या ट्रेलमध्ये त्याने साहेबांना लिहिलेलं आहे की इतर दोघांचे दर 436 आणि 440 आले आहेत. सप्लायरला नवी, कोरी मेल लिहायची. तिची पहिली ओळ: ‘431 मान्य, पेमेंट 30 दिवस, पर्चेस ऑर्डर उद्या पाठवतो.’