मूळव्याध नसलेली गाठ

शौचातून रक्त पडलं की हैदराबाद असो वा लातूर, माणूस आधी ‘बवासीर’ची पाटी शोधतो. बहुतेकदा कारण मूळव्याधच असते. पण बोटाला कडक लागणारी गाठ, न भरणारी चीर किंवा जांघेत सूज असेल, तर एचपीव्ही विषाणूमुळे होणारा गुदद्वाराचा कॅन्सर आधी नाकारावा लागतो. त्यासाठी बोटाने तपासणी आणि बायॉप्सी हवी. औषधाने रक्त थांबलं, हा कॅन्सर नसल्याचा पुरावा नव्हे. योनीमुखावर महिनोन्‌महिने खाज किंवा पांढरा चट्टा असेल, तर तिथेही नायट्याची मलमं बदलत बसू नये. तिथल्या कॅन्सरवर सहसा आधी शस्त्रक्रिया होते; गुदद्वाराच्या कॅन्सरचं तसं नाही.

गुदद्वाराचा कॅन्सर म्हणजे पोटावर कायमची पिशवी, हे समीकरण १९७४मध्ये डेट्रॉइटच्या नॉर्मन नायग्रो यांनी मोडलं. आज साधारण साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार देतात. जोडीला मायटोमायसिन आणि फ्लुरोयुरॅसिल. मधल्या आठवड्यांत त्वचा सोलवटते, शौचाला बसणं नकोसं होतं. तरी उपचार मध्येच थांबवले, तर आजाराला सवड मिळते. गाठ विरायला उपचार सुरू झाल्यापासून सहा महिनेही लागतात. ती वाढत नसेल, तर घाईने शस्त्रक्रिया करत नाहीत.