मधली बिलं गेली कुठे?

जीएसटीच्या नियमावलीतला ४६ वा नियम सांगतो की बिलाचे नंबर ओळीने असावेत, एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नयेत आणि सोळा अक्षरांत बसावेत. जीएसटीआर-१ च्या तेराव्या तक्त्यात बिलं कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत फाडली आणि त्यातली रद्द किती, हेही भरावं लागतं. त्यामुळे मधला एखादा नंबर सापडत नसेल, तर सीए विचारणारच.

बिलबुकात पानं उलटली की तुटलेला नंबर दिसायचा. कॉम्प्युटरमधल्या हजारो नोंदींत तो शोधायचा, तर डेटाबेसला नीट प्रश्न विचारावा लागतो, म्हणजे क्वेरी लिहावी लागते. यातली अडचण अशी की जे बिल तक्त्यात नाही, ते डेटाबेस दाखवणार कसं? मग जी बिलं आहेत त्यांनाच विचारायचं, ‘तुझ्यानंतर कोण?’

समजा, एका घाऊक दुकानाच्या तक्त्यात १०४१, १०४२, १०४३, १०४६, १०४७ आणि १०५१ एवढीच बिलं आहेत. आधी साधं गणित करावं. १०५१ मधून १०४१ वजा करून एक मिळवला की ११ येतात. हाताशी आहेत सहा, म्हणजे पाच गहाळ. हा आकडा लिहून ठेवायचा आणि मग क्वेरी चालवायची:

```sql
SELECT bill_no + 1 AS from_no,
       next_no - 1 AS to_no
FROM (
  SELECT bill_no,
         LEAD(bill_no) OVER (ORDER BY bill_no) AS next_no
  FROM bills
) t
WHERE next_no - bill_no > 1;
```

`LEAD` नंबरांच्या क्रमाने पुढच्या ओळीतला आकडा उचलून याच ओळीत आणून ठेवतो. १०४३ च्या शेजारी १०४६ येतो. फरक तीनचा, म्हणजे १०४४ आणि १०४५ नाहीत. तसंच १०४७ च्या शेजारी १०५१ येतो, म्हणजे १०४८ ते १०५० नाहीत. दोन आणि तीन मिळून पाच, हिशेब जुळला. शेवटच्या बिलापुढे कोणीच नसतं, त्यामुळे तिथे वजाबाकीला उत्तर येत नाही आणि ती ओळ आपोआप गळते. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर ही क्वेरी चालणार नाही.

प्रत्यक्षात नंबर असे सुटे क्वचितच असतात. ‘PN/25-26/1041’ अशा मजकुरातून शेवटचा भाग काढून त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. तसं केलं नाही, तर मजकुराच्या क्रमात १००० हा ९९९ च्या आधी लागतो आणि सगळंच बिघडतं. शाखा किंवा वर्षं वेगवेगळी असतील, तर `OVER` च्या कंसात `ORDER BY` च्या आधी `PARTITION BY series` घालायचं, नाहीतर पुण्याच्या बिलाची जोडी नाशिकच्या बिलाशी लागेल.

खोट्या गहाळांचा त्रास मात्र सगळ्यात जास्त. रद्द बिलं वगळून किंवा एकाच महिन्याची बिलं घेऊन क्वेरी चालवली की जागेवर असलेली बिलंही गहाळ दिसतात. १०४४ नंबर घेतलेलं बिल मागच्या महिन्याच्या तारखेने फाडलं असेल, तर या महिन्याच्या यादीत ते येणार कसं? म्हणून आधी सगळी मालिका रद्द बिलांसकट तपासायची आणि महिन्याची चाळण नंतर लावायची.

एवढं करूनही खंड उरला, तरी कोणीतरी बिल पुसलंच असेल असं नाही. डेटाबेसकडून आपोआप मिळणारा नंबर एकदा दिला की दिला. मध्येच काही चुकून व्यवहार मागे घेतला गेला, तरी तो नंबर परत येत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ पासूनच्या आवृत्त्यांत तर सर्व्हर अचानक बंद पडून चालू झाला की नंबर एकदम हजाराने उडी मारू शकतो. त्यामुळे हजाराच्या आसपासचा खंड दिसला, तर कॅशियरला धारेवर धरण्याआधी त्या दिवशी सर्व्हर बंद पडला होता का, ते पाहावं.

उलट काही बिलं या क्वेरीला कधीच सापडत नाहीत. मालिकेच्या पहिल्या नंबराआधीचं आणि शेवटच्या नंबरानंतरचं तिला दिसत नाही. मालिका १०३८ पासून सुरू व्हायची होती हे आपणच तिला सांगायला हवं. काही प्रोग्राम ‘सगळ्यात मोठ्या नंबरात एक मिळव’ अशा पद्धतीने नवा नंबर देतात. तिथे शेवटचं १०५१ पुसलं की पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा १०५१ च मिळतो. खंड पडतच नाही, क्वेरी एकही ओळ दाखवत नाही आणि बाजारात मात्र एकाच नंबराची दोन बिलं फिरतात. पुसलेल्या नोंदींचा लॉग प्रोग्राम ठेवत असेल तर तिथे हे पकडता येतं, नाहीतर गिऱ्हाइकाकडचं बिल आणि आपली नोंद यांच्या रकमा जुळेनाशा होतात तेव्हा.