अंडं न फोडता केक!

अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गोठू लागतो. मग डब्यातलं पाश्चराइज्ड अंडं तापवूनही पातळ कसं राहतं? सगळा खेळ अंश आणि मिनिटांचा! फेटलेलं पूर्ण अंडं अमेरिकेत किमान ६० अंशांवर साडेतीन मिनिटं ठेवतात, ब्रिटनमध्ये ६४.४ अंशांवर अडीच मिनिटं. तेवढ्यात साल्मोनेला मरतो, पण अंड्याचं ऑम्लेट होत नाही.

ताजं अंडं धुतलं की झालं, असं समजू नका. साल्मोनेलाचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच शिरतो, त्यामुळे कवच चकचकीत असलं तरी जंतू आत असू शकतो. नीट भाजलेल्या केकमध्ये तो टिकत नाही, तेव्हा केकसाठी ताजं अंडं खुशाल वापरा. खरा धोका आहे तो कच्चं अंडं पोटात जातं तिथे: रॉयल आयसिंग, मूस, तिरामिसू, घरचं मेयोनीज. तिथे मी तरी पाश्चराइज्डच घेईन. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर नक्कीच.

आता फेस. पांढऱ्या भागातली काही प्रथिनं इतकी नाजूक, की पाश्चरायझेशनची हलकी आचही त्यांना सोसत नाही. म्हणून डब्यातलं पांढरं फेटायला ताज्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बराच वेळ फेटूनही टोकं उभी राहत नसतील आणि भांड्याच्या तळाशी पाणी दिसत असेल, तर मेरँग फसलंच. चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर किंवा लिंबाचे चार थेंब सुरुवातीलाच घाला, फेस सावरतो.

पावडरची गोष्ट आणखी मजेदार. पांढऱ्या भागात थोडं ग्लुकोज असतं. ते तसंच ठेवून वाळवलं तर साठवणीत प्रथिनांशी जुळून पावडर तपकिरी पडते. म्हणून वाळवण्याआधी यीस्ट किंवा एन्झाइम वापरून ती साखर काढून टाकतात. मग ही कोरडी पावडर ५४ अंशांच्या उबदार खोलीत किमान सात दिवस ठेवतात. जे पातळ पांढऱ्याला सोसलं नसतं, ते कोरड्याला सहज सोसतं!

हिशेब सोपा आहे. पूर्ण अंड्याची पावडर एक भाग, पाणी तीन भाग, वजनाने. कवचाशिवाय ५० ग्रॅमची चार अंडी हवीत? ५० ग्रॅम पावडर, १५० ग्रॅम पाणी. थोडं पाणी घालून आधी घट्टसर पेस्ट करा, नाहीतर गुठळ्या होतात. कुकी, मफिन, पॅनकेक झकास होतात. पण ज्या स्पंजची सगळी उंची फेटलेल्या अंड्यावर अवलंबून असते, तो या पावडरवर बसका होतो. तिथे ताजं अंडंच घ्या.

आणि एक लक्षात ठेवा: पाणी घातलं की पावडरचा टिकाऊपणा संपला. कालवलेलं लगेच वापरा, ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका.