भिंतच नाही, तर पाडणार काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांतले डॉक्टर एका न्यूमोनियाने हैराण झाले होते. नेहमीच्या न्यूमोनियात थंडी वाजून ताप फणफणतो, रोगी एका दिवसात अंथरूण धरतो. हा मात्र दबक्या पावलांनी येई. आधी डोकेदुखी, अंगदुखी, मग आठ-दहा दिवस कोरडा, ठसकेबाज खोकला. जवान हिंडता-फिरता असे, पण एक्स-रे काढला की फुफ्फुसात पांढुरके डाग दिसत. थुंकी तपासली तर जंतू सापडत नसत. सल्फाची औषधे वाया गेली. पेनिसिलिन तेव्हा नुकतेच हाती आले होते आणि त्याचा मोठा बोलबाला होता, पण त्यानेही ताप हलेना.

या दुखण्याला ‘असामान्य न्यूमोनिया’ म्हणू लागले. 1944 मध्ये मनरो ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या थुंकीतून त्याचे कारण वेगळे काढले आणि ते कॉटन रॅट, हॅमस्टर अशा प्राण्यांत व कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवून दाखवले. हा पदार्थ जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून पार होई, नेहमीच्या माध्यमावर वाढत नसे आणि पेनिसिलिनला दाद देत नसे. तेव्हा हा विषाणूच, असे ठरले. पुढे 1950 च्या सुमारास ईटन यांनाच दिसले, की ऑरिओमायसिन या अँटिबायोटिकने त्याची वाढ थांबते. विषाणू अँटिबायोटिकला बधत नाहीत, म्हणजे शंकेला इथे पुरेशी जागा होती. तरीही विषाणूचा शिक्का पुसायला आणखी दहा-बारा वर्षे गेली.

1962 मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बरीले या तिघांनी हा ‘विषाणू’ काचेच्या बशीत, कुठल्याही जिवंत पेशीच्या मदतीशिवाय वाढवला. आपली आपण वाढणारी गोष्ट विषाणू असूच शकत नाही. हा जिवाणू होता, आज त्याला मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये म्हणतात. त्यांच्या माध्यमात बैलाच्या हृदयाचा अर्क, ताज्या यीस्टचा अर्क आणि घोड्याच्या रक्तातला सीरम असे. मायकोप्लाझ्मासाठी असे माध्यम तयार करताना त्यात पेनिसिलिन मुद्दाम घालतात! घशातल्या नमुन्यात इतर जिवाणू असतातच आणि ते भराभर वाढून बशी व्यापून टाकतात. पेनिसिलिन त्यांच्यातल्या पुष्कळांना थोपवते. मायकोप्लाझ्मा त्याच पेनिसिलिनमध्ये एक ते तीन आठवडे निवांत वाढतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या चिमुकल्या वसाहती दिसू लागतात.

हे कसे जमते, ते कळण्यासाठी पेनिसिलिन काय करते ते आधी पाहू. जिवाणूच्या आत प्रथिने, क्षार, साखरा यांचे दाट द्रावण असते, त्यामुळे बाहेरचे पाणी सारखे आत शिरू पाहते. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे वीस पट असतो. आतले नाजूक पटल एवढा दाब पेलू शकत नाही. सायकलची ट्यूब टायरशिवाय फुगवली तर जे होईल तेच त्याचे होईल. म्हणून पटलाबाहेर पेप्टिडोग्लायकन नावाच्या द्रव्याची चिवट जाळी असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे, अशी तिची वीण. हीच पेशीभित्ती.

जिवाणू वाढताना ही जाळी जागोजागी कापून त्यात नवे तुकडे सांधावे लागतात. सांधण्याचे काम एक विकर करते, आणि दुव्याच्या टोकाला असलेल्या ॲलनिनच्या जोडीवरून ते आपली जागा ओळखते. पेनिसिलिनच्या रेणूची ठेवण त्या जोडीशी मिळतीजुळती आहे. विकर चुकून पेनिसिलिनला धरते आणि त्याला कायमचे चिकटून बसते. कापण्याचे काम चालू राहते, सांधण्याचे थांबते. जाळी विरळ होते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधेही याच वाटेने जातात. माणसाच्या पेशीला अशी भित्ती नाही, म्हणून ॲलर्जी सोडली तर पेनिसिलिन आपल्याला फारसे बाधत नाही.

नेमकी हीच सवलत मायकोप्लाझ्मालाही मिळते. त्याला पेशीभित्ती नाही, आणि ती बांधणारी जनुकेही नाहीत. 1996 मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तो निघाला सुमारे 8 लाख 16 हजार अक्षरांचा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा साधारण 46 लाखांचा असतो. मायकोप्लाझ्माच्या पूर्वजांना भित्ती होती. पण दुसऱ्याच्या शरीरात आयते खायला मिळू लागल्यावर त्याने एकेक यंत्रणा सोडून दिली, तीत भित्तीही गेली. तो फुटत नाही, कारण आपल्या शरीरातल्या द्रवांत तो आतला-बाहेरचा तोल सांभाळून असतो, शिवाय पटल बळकट करायला आपलेच कोलेस्टेरॉल उचलतो. बशीतल्या माध्यमात घोड्याचा सीरम लागतो तो यासाठीच. भित्ती नसल्याने त्याचे अंग लवचीक असते, म्हणून तो गाळणीतून निसटतो. ग्रॅमच्या रंगातही तो दिसत नाही, कारण तो रंग धरून ठेवायला भित्ती लागते. ईटन यांना चकवणाऱ्या खुणांपैकी गाळणी आणि पेनिसिलिन या दोन्हींचे मूळ असे एकच निघाले.

इथे एक गल्लत हटकून होते. पेनिसिलिन लागू पडले नाही, की ‘जंतू औषधाला सरावला’ असे आपण म्हणतो. काही जिवाणू खरेच पेनिसिलिन तोडणारे विकर बनवतात, आणि त्यांच्यासाठी अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड देतात. मायकोप्लाझ्मा पेनिसिलिनला हातही लावत नाही. औषध जिथे बसायचे ती जागाच त्याच्यात नाही. त्यामुळे डोस दुप्पट करा, महागडी जोडगोळी द्या, सलाईनमधून सेफॅलोस्पोरिन चढवा, फरक शून्य.

आता समजा, वसतिगृहातल्या बारा वर्षांच्या मुलीला आठवडाभर कोरडा खोकला आणि ताप आहे. खोलीतल्या मैत्रिणीला दोन-तीन आठवड्यांपूर्वी असेच झाले होते. हे अंतर बोलके आहे, कारण या जंतूला लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एवढाच वेळ लागतो. मुलीला तीन दिवस अमॉक्सिसिलिन देऊनही ताप तसाच. डॉक्टरांचे चुकले असे म्हणता येणार नाही. न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया जास्त घातक असतो आणि आधी त्याचा बंदोबस्त करणे शहाणपणाचे असते. पण आता मायकोप्लाझ्माचा संशय घ्यायला हवा. घशातल्या नमुन्याची पीसीआर चाचणी होते. जुन्या काळी डॉक्टर रोग्याजवळच एक प्रयोग करत. न गोठण्याचे द्रव्य घातलेल्या नळीत थोडे रक्त घेऊन ती बर्फाच्या पाण्यात धरत. नळी तिरपी केली की काचेवर रक्ताचे बारीक कण-कण दिसत, आणि नळी मुठीत धरून ऊब दिली की ते विरघळून जात. या आजारात काही रोग्यांच्या रक्तात थंडीत तांबड्या पेशींना चिकटवणारी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांचा हा परिणाम. ती सगळ्यांत नसतात आणि इतर आजारांतही आढळतात, म्हणून ही चाचणी मागे पडली.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे हा आजार बहुतेकांत आपोआप बरा होतो. दहाव्या दिवशी ताप उतरला की शेवटी घेतलेल्या गोळीला श्रेय मिळते, मग ती पेनिसिलिनची का असेना.

यावर चालणारी औषधे भित्तीच्या वाटेला जात नाहीत. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममध्ये अडकतात. तो कारखाना मायकोप्लाझ्मालाही मोडीत काढता आलेला नाही. मात्र रायबोसोमच्या आरएनएतले 2063 क्रमांकाचे एकच अक्षर बदलले, की ॲझिथ्रोमायसिन तिथे नीट बसत नाही. जपान आणि चीनमध्ये असे मायकोप्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर सापडले आहेत. इथे मात्र जंतू औषधाला सरावला, हे म्हणणे अगदी बरोबर आहे. ॲझिथ्रोमायसिन सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर डॉक्टर ही शक्यता धरतात आणि रायबोसोमच्या दुसऱ्या भागात बसणाऱ्या डॉक्सिसायक्लिनकडे वळतात. आठ वर्षांखालच्या मुलांना ते देताना दातांवर कायमचे डाग पडण्याची धास्ती असते, म्हणून तिथे निर्णय जपून घेतला जातो.